‘वेन यअव्विरक?’ : अरबी रुग्णाच्या तोंडचे पहिले शब्द

सौदी अरेबियातल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत केसपेपर, औषधांचा तक्ता आणि ड्युटी बदलताना द्यायची माहिती हे सगळे इंग्रजीत चालते. परदेशी नर्सच्या परवान्याची परीक्षाही इंग्रजीतच असते. त्यामुळे केरळमधून, फिलिपीन्समधून किंवा महाराष्ट्रातून गेलेली नर्स अरबीचा एकही शब्द न येता कामावर रुजू होऊ शकते. अडचण येते ती खाटेपाशी. डॉक्टर इंग्रजी बोलतात, यंत्रे इंग्रजी दाखवतात, पण रात्री दोन वाजता बेल वाजवणारी म्हातारी ‘बतनी, बतनी’ एवढेच म्हणत असते. ते पोट आहे हे समजले नाही तर पुढचे सगळे इंग्रजी वाया जाते.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. पुस्तकातली अरबी आणि रुग्णाच्या तोंडची अरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रांची, बातम्यांची आणि वैद्यकीय पाठ्यपुस्तकांची अरबी सगळ्या अरब देशांत एकच असते. घरात, बाजारात आणि दुखण्याखुपण्यात बोलली जाणारी अरबी प्रदेशागणिक बदलते. शब्दकोशात वेदनेला ‘अलम’ आहे, तापाला ‘हुम्मा’ आहे, खोकल्याला ‘सुआल’ आहे. रियाधचा रुग्ण मात्र वेदनेला ‘वजअ’, तापाला ‘हरारा’ म्हणजे नुसती उष्णता आणि खोकल्याला ‘कह्हा’ म्हणतो. पुस्तकी शब्द वापरला तर रुग्णाला तो बहुधा कळतो. पण रुग्ण स्वतः तो वापरत नाही, आणि नर्सला आधी गरज असते ती ऐकून समजण्याची. शिवाय ‘सुआल’ या शब्दाची एक खोडही आहे. खोकल्याच्या ‘सुआल’मध्ये घशाच्या तळातून येणारा ‘ऐन’ हा वर्ण आहे. तो नीट उमटला नाही तर तोच शब्द ‘प्रश्न’ असा ऐकू येतो. ‘इंदक सुआल?’ म्हणजे ‘खोकला आहे का?’ असे नर्सला विचारायचे असते आणि रुग्णाला वाटते, ती म्हणते आहे, ‘काही विचारायचे आहे का?’ ‘कह्हा’ हा बाजारी शब्द इथे जास्त भरवशाचा.

अवयवांची नावे हा या शब्दसंग्रहाचा सगळ्यांत सोपा भाग आहे. डोके ‘रास’, डोळा ‘ऐन’, कान ‘उधुन’, नाक ‘खश्म’, घसा ‘हल्ग’, छाती ‘सद्र’, पोट ‘बतन’, पाठ ‘धहर’, हात ‘यद’, पाय ‘रिज्ल’. एवढ्या दहा शब्दांत पहिला आठवडा निभावतो, कारण उरलेले काम बोट करते. ‘हिना?’ म्हणजे ‘इथे?’ असे विचारत रुग्णाचे बोट जिथे टेकेल ती जागा बघायची. मराठी माणसाला यातला ‘सद्र’ तसा अनोळखी नाही. वाड्याची सदर आणि सभेचा सदर हे शब्द त्याच अरबी मुळातून फारसीमार्गे इकडे आले. ‘दवा’ आणि ‘इलाज’ तर जसेच्या तसे कानावर पडतात. फसवणारा शब्द आहे तो ‘शराब’. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर अरबीत ‘शराब’ असे छापलेले असते आणि त्याचा अर्थ पातळ औषध, सिरप. आई आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी ‘शराब’ मागते तेव्हा दचकायचे कारण नसते.

या नावांना ‘माझे’ आणि ‘तुझे’ हे वेगळ्या शब्दांनी लागत नाही, ते शेपटासारखे मागे जोडले जाते. ‘रासी’ म्हणजे माझे डोके, ‘रासक’ म्हणजे पुरुषाला उद्देशून तुझे डोके, ‘रासिक’ म्हणजे बाईला उद्देशून. ‘रासह’ त्याचे, ‘रासहा’ तिचे. म्हणून रुग्णाच्या तोंडी नुसता ‘बतन’ क्वचितच ऐकू येतो. येतो तो ‘बतनी’. नवख्या नर्सला हा वेगळाच शब्द वाटतो. शेवटचा ‘ई’ सोलून काढायची सवय लागली की निम्मे ऐकणे सुधारते. सोबत आलेला मुलगा आईविषयी सांगताना ‘बतनहा’ म्हणेल, तेव्हा शेवटचा ‘हा’ काढायचा.

दुखण्याचे वाक्य एकच आहे आणि ते पाठच करावे लागते. नज्दमध्ये, म्हणजे रियाधच्या बाजूला, आणि आखाताच्या किनाऱ्यावर ‘रासी यअव्विरनी’ म्हणजे माझे डोके दुखते. जेद्दा-मक्केच्या हिजाझ भागात तेच ‘रासी योजअनी’ होते. नर्सचा प्रश्नही त्याच शब्दांतून तयार होतो: ‘वेन यअव्विरक?’, कुठे दुखते? बाईला विचारताना ‘यअव्विरिक’. हिजाझमध्ये ‘वेन’च्या जागी ‘फेन’ ऐकू येते. आता यात लिंगाची एक गंमत आहे. अरबीत शरीरातल्या जोडीने येणाऱ्या अवयवांना बहुतेक करून स्त्रीलिंगी मानतात: डोळा, कान, हात, पाय. एकेकटे असणारे, जसे डोके किंवा नाक, ते पुल्लिंगी. म्हणून डोके ‘यअव्विरनी’, पण डोळा ‘तअव्विरनी’. नर्सने हे चुकवले तरी काही बिघडत नाही, रुग्णाला कळतेच. ऐकताना मात्र ‘य’ आणि ‘त’ यांनी सुरू होणारे दोन्ही शब्द एकच आहेत हे ठाऊक हवे, नाहीतर ‘तअव्विरनी’ ऐकून नर्स हे काही नवे लक्षण समजते. इजिप्तच्या रुग्णाच्या तोंडी याच धातूचा अर्थ जखम होणे असा होतो. तो ‘इत्अव्वर्त’ म्हणाला तर त्याला कापले आहे किंवा लागले आहे.

उच्चारांपैकी सगळे जमवायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मराठी जिभेला ‘ऐन’ आणि दोन प्रकारचे ‘ह’ नीट साधायला बराच काळ लागतो, आणि रुग्ण ते सोडून देतात. ज्या उच्चारांनी अवयवच बदलतो तेवढे आधी सांभाळावेत. हृदयाचा पुस्तकी शब्द ‘क़ल्ब’, त्यातला ‘क’ घशाच्या अगदी मागून. मराठी माणूस तो साध्या ‘क’ने उच्चारतो आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा होतो. सुदैवाने सौदीतले लोकच घशातल्या त्या ‘क’चा बोलताना ‘ग’ करतात, तेव्हा ‘गल्ब’ म्हणावे. ते बरोबरही आहे आणि सोपेही. हाच ‘ग’ दुसऱ्या एका जोडीत उपयोगी पडतो. गुडघा ‘रुकबा’ आणि मान ‘रगबा’. पुस्तकी रूपात मान ‘रक़बा’ असते आणि कानाला दोन्ही सारखेच वाटतात. पडलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा फरक लहान नाही. मानेच्या संशयाने रुग्णाला हलवायचेच नसते, गुडघ्याला तशी बंदी नाही. अशा वेळी शब्दावर न थांबता हात लावून विचारावे, आणि मानेला हात लावण्याआधी ‘ला तितहर्रक’, हलू नका, हे म्हणावे.

खरे कठीण काम लक्षणांच्या शब्दांत आहे. अवयवाचा शब्द चुकला तर बोट तो सुधारते. लक्षणाकडे बोट दाखवता येत नाही. आणि इथे असे काही शब्द आहेत की ते शब्दशः समजून घेतले तर नर्स चुकीचीच नोंद करते.

पहिला ‘कबद’. शब्दकोशात हे यकृत. सौदी किंवा कुवेती रुग्ण ‘कबदी हायमा’ किंवा ‘कबदी लायआ’ म्हणतो, कुवेतमध्ये ‘क’चा ‘च’ होऊन ‘चबदी’ ऐकू येते, तेव्हा त्याचा यकृताशी काही संबंध नसतो. त्याला मळमळते आहे. मराठीत पोटात ढवळते म्हणतात तसे त्यांच्याकडे यकृत घिरट्या घालते. केसपेपरवर ‘यकृताच्या जागी दुखते’ असे गेले तर रक्ताच्या नसत्या तपासण्या होतील आणि मुख्य म्हणजे मळमळीवरचे औषध मिळणारच नाही. पुस्तकी शब्द ‘गसयान’ नर्सने वापरला तर चालतो, पण रुग्णाकडून तो ऐकू येण्याची वाट पाहू नये. उलटीला मात्र ‘इस्तिफ्राग’ हा शब्द पुस्तकात आणि तोंडी दोन्हीकडे चालतो. जुलाबाला ‘इसहाल’, बद्धकोष्ठाला ‘इमसाक’. मुरडा मारून येणारी पोटातली कळ ‘मग्स’.

दुसरा शब्द ‘जलता’. अर्थ रक्ताची गुठळी. रुग्णाचे नातेवाईक सांगतात, ‘जातह जलता’, त्यांना जलता आली होती. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि पायातल्या शिरेतली गुठळी या तिन्हींना लोक हाच शब्द वापरतात. पूर्वेतिहासात नुसते ‘झटका’ असे लिहिले तर डॉक्टर हृदयाचा समजणार, आणि रुग्णाला तर तीन वर्षांपूर्वी अर्धांग झालेले असणार. म्हणून ‘जलता’ ऐकल्यावर दुसरा प्रश्न ठरलेलाच: ‘फिल-गल्ब वल्ला फिर-रास?’ हृदयात की डोक्यात? उत्तर मिळाले नाही तर जागा कळलेली नाही हेच लिहावे.

तिसरा ‘हसासिय्या’. ॲलर्जीला हाच शब्द, आणि औषध देण्याआधी तो विचारायलाच लागतो. पण दम्यालाही लोक ‘छातीची हसासिय्या’ म्हणतात आणि अंगावरच्या पुरळालाही हसासिय्याच. ‘इंदक हसासिय्या?’ या प्रश्नाला ‘हो’ आले म्हणून लाल पट्टी बांधली, तर तो माणूस केवळ धुळीने शिंकणारा निघू शकतो. उलटे जास्त वाईट: त्याला वाटते की दम्याविषयी विचारताहेत, म्हणून तो ‘ला’ म्हणतो आणि पेनिसिलिनचे सांगायचे राहून जाते. प्रश्न पुरा करावा: ‘हसासिय्या मिन अय्य दवा?’, कुठल्याही औषधाची?

‘दीगा’ आणि ‘कतमा’ ही जोडी तर नर्सचा कस पाहणारी. दीगा म्हणजे अरुंदपणा, कतमा म्हणजे कोंडणे. दोन्ही शब्द श्वास अपुरा पडण्यासाठी येतात, आणि दोन्ही मन उदास असण्यासाठीही येतात. ‘फी कतमा’ म्हणणारी बाई दम्याची असेल, हृदयाची असेल किंवा चार दिवसांपूर्वी घरात मृत्यू झालेली असेल. शब्दावरून ठरवता येत नाही, म्हणून ठरवायचेही नाही. श्वासांची गती मोजणे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावणे आणि ती एका दमात पुरे वाक्य बोलू शकते का ते पाहणे, हे भाषेविना होते आणि तेच आधी करायचे. त्यानंतर ‘नफस?’ म्हणून स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवले की ती श्वासाबद्दल आहे की नाही ते सांगते.

काही शब्द निदानच होऊन बसलेले असतात. आपल्याकडे पोटातल्या कुठल्याही त्रासाला ‘पित्त झालंय’ म्हणतात. तिकडे त्या जागी ‘गोलोन’ आहे. गोलोन म्हणजे मोठे आतडे, पण ‘इंदी गोलोन’, मला गोलोन आहे, याचा अर्थ पोट फुगणे, गॅस, कळा असा काहीही असतो. पन्नाशीच्या पुढचा माणूस घाम पुसत ‘हा माझा नेहमीचा गोलोन’ म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवू नये. मधुमेह ‘सुक्कर’ आणि रक्तदाब ‘दग्त’ यांचे मात्र अर्थ निश्चित आहेत आणि ते पाठ करायलाही सोपे आहेत. ‘सुक्करी नाझिल’ म्हणजे साखर उतरली आहे. हे ऐकू आले की लगेच ग्लुकोमीटर घ्यायचा, विशेषतः रमजानमध्ये.

‘वरम’ हा शब्द नर्सने स्वतःहून उच्चारू नये. रुग्णाच्या तोंडी तो साधी सूज असतो: ‘रिज्ली वारमा’, माझा पाय सुजला आहे. डॉक्टरांच्या तोंडी तोच शब्द गाठ, ट्यूमर. सुजलेला पाय पाहून नर्स ‘वरम’ म्हणाली आणि त्या घरात कुणाला कर्करोग होऊन गेला असेल, तर पुढचा तासभर समजूत घालण्यात जातो. सुजेसाठी ‘इन्तिफाख’ म्हणजे फुगणे हा शब्द निर्धोक आहे.

वेदना किती आणि कधीपासून, हे पुढचे दोन प्रश्न. ‘किती’साठी जगभर शून्य ते दहा हे माप वापरतात: ‘मिन सिफ्र ला अशरा’. पण रुग्णाचे पहिले उत्तर हमखास ‘अल-हम्दुलिल्लाह’ असते. ती ईश्वराची कृतज्ञता आहे, वेदनेचे मोजमाप नाही; मोडलेल्या मांडीच्या हाडासकटही ते म्हटले जाते. ते ऐकून शून्य लिहिणारी नर्स रुग्णाला वेदनाशामकाविना ठेवते. आदराने तेच शब्द परत म्हणावेत आणि प्रश्न पुन्हा विचारावा. ‘श्वय्या’ म्हणजे थोडे. ‘मर्रा’ मात्र जपून ऐकावे. पुस्तकी अरबीत त्याचा अर्थ ‘एकदा’. सौदी बोलीत त्याचा अर्थ ‘खूप’. ‘योजअनी मर्रा’ म्हणजे एकदा दुखले असे नव्हे, भयंकर दुखते आहे. तरीही ‘आखिर मर्रा’ म्हणजे ‘शेवटच्या वेळी’ हा अर्थ कायमच आहे. तो नर्सला लागतो शस्त्रक्रियेआधी. ‘सायिम?’, उपाशी आहात का, असे विचारले तर रुग्णाला धार्मिक रोजा आठवतो, आणि रात्रीपासून पोटात काही नसलेला माणूसही ‘नाही’ म्हणतो. ‘मिता आखिर मर्रा अकल्त अव श्रिब्त?’, शेवटचे केव्हा खाल्ले किंवा प्यायले, असे विचारले की खरे उत्तर मिळते.

‘कधीपासून’ म्हणजे ‘मिन मिता?’ याचे उत्तर घड्याळात मिळेलच असे नाही, विशेषतः वयस्कर रुग्णांकडून. ते नमाजाच्या वेळांत येते: फजर पहाटेची, दुहर दुपारची, असर तिसऱ्या प्रहराची, मग्रिब सूर्यास्ताची, इशा रात्रीची. या वेळा सूर्यावर चालतात, म्हणून ऋतूप्रमाणे सरकतात. रियाधमध्ये मग्रिब डिसेंबरात पाचच्या थोडी पुढे असते, जूनमध्ये पावणेसातच्या सुमारास. इशा सौदीच्या अधिकृत दिनदर्शिकेप्रमाणे मग्रिबनंतर दीड तासाने, रमजानमध्ये दोन तासांनी. त्या दिवसाच्या वेळा नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर किंवा फोनमध्ये असतातच. त्या पाहूनच तास लिहावेत. इथेही एक खड्डा आहे. दुपार ‘दुहर’ आणि पाठ ‘धहर’ हे शब्द अरबी लिपीत एकाच अक्षरांनी लिहिले जातात आणि घाईच्या बोलण्यात जवळजवळ सारखेच ऐकू येतात. ‘मिनद्-दुहर’ म्हणजे दुपारपासून; त्याचे ‘पाठीतून’ असे झाले, तर छातीतून पाठीकडे जाणाऱ्या वेदनेची नोंद होऊन बसते, आणि ते लक्षण महाधमनी फाटल्याचा संशय निर्माण करणारे आहे.

हे सगळे एकत्र कसे चालते ते एका उदाहरणावरून दिसेल. डिसेंबरची संध्याकाळ, रियाध, आपत्कालीन विभाग, साडेसात वाजलेले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मुलाच्या आधाराने येतो. मुलगा सांगतो, ‘अबूय, इंदह गोलोन’, बाबांना गोलोनचा त्रास आहे. नर्स बापाकडे वळते, ‘या अम्म’, काका, असे म्हणून विचारते, ‘वेन यअव्विरक?’ तो एक बोट कुठेही टेकवत नाही. पुरा पंजा छातीच्या मध्यावर ठेवतो. ‘सद्री. कतमा. व कबदी हायमा.’ छाती, कोंडल्यासारखे, मळमळ. कपाळ ओले आहे, ‘अरक’, घाम. आपला ‘अर्क’ याच शब्दापासून आला.

इथपर्यंत चार शब्द झाले आणि नर्सला पुरेसे कळले. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत व्हायला हवा, म्हणून उरलेले प्रश्न ती त्याला खाटेवर घेऊन विचारते. ‘नाम अला धहरक’, पाठीवर झोपा. ‘इरफअस्-सोब’, झगा वर करा. ‘तख्तीत गल्ब’, हृदयाचा आलेख काढते आहे. लोकांत ईसीजीला हाच शब्द आहे. ‘ला तितहर्रक.’ आलेख निघत असताना बोलायचे नसते, तो निघाल्यावर ती विचारते, ‘मिन मिता?’ उत्तर येते, ‘बअदल्-असर’, असरनंतर. त्या दिवसाची असर पावणेतीनच्या सुमाराची, पण ‘असरनंतर’ म्हणजे सूर्यास्तापर्यंत केव्हाही. पावणेतीन आणि पाच यांत सव्वादोन तासांचे अंतर आहे, आणि बंद झालेली धमनी उघडण्याच्या उपचारात तास मोजले जातात. म्हणून ती पुढे विचारते, ‘बअदस्-सलात अला तूल?’, नमाजानंतर लगेच? तो मान हलवतो, ‘ला, गब्लल्-मग्रिब बि श्वय्या’, मग्रिबच्या थोडे आधी. केसपेपरवर सुरुवातीची वेळ अंदाजे पावणेपाच पडते. तिसरा प्रश्न: ‘यरूह ला यदक?’, हाताकडे जाते का? तो डावा हात उचलतो, ‘सगीला’, जड वाटतो. डावा ‘यसार’ आणि उजवा ‘यमीन’. ही जोडी शब्दावर न सोडता नर्स त्या हाताला स्पर्श करून खात्री करते. ‘सुक्कर? दग्त?’ दोन्ही आहेत. ‘जलता?’ मुलगा म्हणतो, हो, झाली होती. ‘फिल-गल्ब?’ नाही, ‘फिर-रास’. हे ती ठळक लिहिते, कारण आधी पक्षाघात झालेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे की नाही हा डॉक्टरांसमोरचा मोठा प्रश्न असतो. ‘हसासिय्या मिन अय्य दवा?’ नाही.

या सगळ्यात नर्सने पुरते अरबी वाक्य मोजक्याच वेळा बोलले असेल. बाकी एकेक शब्द आणि हात. मुलाने आणलेला ‘गोलोन’ तिने नाकारला नाही, फक्त त्यावर विसंबली नाही.

बायकांच्या वॉर्डात शब्द आणखी आडपडद्याचे होतात. पाळीला ‘दवरा’, म्हणजे चक्र, आणि ‘आखिर दवरा मिता?’ हा प्रश्न क्ष-किरणांपूर्वी विचारावाच लागतो. लघवी-शौचाचे पुस्तकी शब्द ‘बोल’ आणि ‘बुराझ’ आहेत. नर्सने ते विचारण्यात काही वावगे नाही, पण वयस्कर बायका स्वतः फक्त ‘हम्माम’ म्हणतात आणि उरलेले ‘तहत’, खाली, या शब्दात उरकतात. नवरा किंवा मुलगा शेजारी उभा असेल तर उत्तर तोच देतो आणि ते अर्धे असते. पडदा ओढून, ‘या खाला’ म्हणून एकटीला विचारले की ‘हरगान’, जळजळ, हा शब्द बाहेर येतो.

एवढ्या शब्दसंग्रहावर काय करू नये हेही ठरलेले आहे. संमतीपत्र समजावणे, शस्त्रक्रियेचे धोके सांगणे, कर्करोगाचे निदान कळवणे ही कामे प्रशिक्षित दुभाषाची आहेत. नातेवाईक दुभाषी झाला की तो रुग्णाला घाबरवणारे गाळतो. सफाई कामगार मदतीला आला तर तो न कळलेले स्वतःच्या मनाने भरून काढतो. शिवाय सौदी रुग्णालयात रुग्ण सौदीच असेल असे नाही. इजिप्त, येमेन, सुदान, सीरिया इथले कामगार आणि हज-उमऱ्याला आलेले यात्रेकरू आपापली बोली घेऊन येतात, आणि रियाधमध्ये बसलेला कान जेद्दात थोडा पुन्हा घडवावा लागतो.

घरी सोडताना दिलेल्या सूचनांत मात्र हे थोडके शब्द पुरे पडतात. गोळी ‘हब्बा’, इंजेक्शन ‘इब्रा’, पॅरासिटामॉल कुठल्याही कंपनीची असली तरी ‘बनादोल’, कारण अरबीत ‘प’ नाही. दिवसातून दोनदा हे बारा-बारा तासांच्या हिशेबाने सांगण्यापेक्षा ‘हब्बा बअदल्-फजर, हब्बा बअदल्-इशा’ असे सांगितले तर ते लक्षात राहते. तरीही ते रुग्णाकडून बोटांवर मोजून एकदा परत म्हणवून घ्यावे लागते. रमजान सुरू होणार असेल तर पहाटेची गोळी सहरीच्या जेवणासोबत आणि संध्याकाळची मग्रिबच्या इफ्तारासोबत येते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी असेल, तर ती कोणत्या वेळी आणि किती घ्यायची हे नर्सने न ठरवता आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचे असते.